कोल्हापूरहून पुण्यात: तीन आठवडे घर, कॅफे आणि कोवर्किंग

मी फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर आहे, कोर्सचे व्हिडिओ एडिट करते. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे कॉल संध्याकाळी साडेसातनंतर. मे महिन्यात तीन महिन्यांसाठी कोथरूडला वन बीएचके घेतला आणि ठरवलं की पहिला आठवडा घरी, दुसरा कॅफेत, तिसरा कोवर्किंगला बसायचं आणि रोज किती मिनिटांचा व्हिडिओ खरंच पूर्ण झाला ते वहीत लिहायचं. किती तास बसले ते नाही, कारण तास फसवतात.

घरी रोज साधारण 6 मिनिटं निघाली. फायबर चार दिवसांनी आलं, तोपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवलं. खरी अडचण वेगळीच होती, पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी लाईट घालवायची पद्धत आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी दहाला लाईट गेली ती दुपारी तीनला आली, सोसायटीचं जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्याला. लॅपटॉपची बॅटरी एडिटिंगला जेमतेम दीड तास पुरते आणि राउटर तर लगेच बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, पण घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुतेक 12 असतं पण सगळ्यांचं नाही. आणि घर बघायला जाल तेव्हाच मालकांना विचारा, बॅकअप घरातल्या एका तरी प्लगला आहे का.

कॅफेचा आठवडा सगळ्यात वाईट गेला, रोज 4 मिनिटं. आवाजाचं म्हणाल तर हेडफोन लावले की जातो, मला मारलं ते अपलोडनं. कर्वे रोडजवळच्या एका कॅफेत वायफाय छान वाटत होतं, व्हिडिओ फटाफट उघडत होते, म्हणून तिथूनच फाइल पाठवायला बसले. 18 जीबीची फाइल. दोन तासांनी बघते तर 20 टक्के पण नाही. मग स्पीड टेस्ट केली, डाउनलोड 60 एमबीपीएस आणि अपलोड 4. गणित सोपंय, जीबीला 8000 नी गुणा आणि अपलोडच्या आकड्याने भागा, म्हणजे सेकंद मिळतात. 18 गुणिले 8000 म्हणजे 1,44,000, भागिले 4 म्हणजे 36,000 सेकंद, पूर्ण दहा तास! घरच्या फायबरला अपलोड 40 होता, तिथे हेच काम एका तासात झालं असतं. त्या दिवशी फाइल वेळेत गेली नाही, क्लायंटची माफी मागावी लागली आणि ते मला फार लागलं. तेव्हापासून कुठेही बसले की ऑर्डर द्यायच्या आधी टेस्ट करते आणि फक्त अपलोडचा आकडा बघते. कॅफेत मी आता स्क्रिप्ट वाचून कट कुठे घ्यायचे त्याच्या खुणा करायला जाते, दोन तास, तेही दुपारी तीन ते पाच, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. एफसी रोडला गुडलक किंवा वैशालीला लॅपटॉप घेऊन जाऊ नका, तिथे लोक जागेसाठी उभे असतात, तिथे खायलाच जावं.

कोवर्किंगला 9 मिनिटं निघाली. खुर्ची बरी, टेबल योग्य उंचीचं, जनरेटर आहे आणि कुणी बेल वाजवत नाही (घरी असलं की शेजारच्या काकूंना वाटतं मोकळीच आहे, कुरिअर माझ्याकडेच). पण पहिल्याच संध्याकाळी तिथला मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, साडेसातनंतर एसी बंद होतो, फोन बूथपण आठला लॉक करतो." माझे कॉल नेमके तेव्हाच. म्हणून महिन्याचे पैसे भरायच्या आधी एक दिवसाचा पास घ्या आणि सकाळी न जाता दुपारी चारला जा, गर्दीच्या वेळी बूथ रिकामे असतात का, वायफाय टिकतं का ते कळतं. संध्याकाळपर्यंत थांबा.

खर्चाचं सांगते. फिरत्या डेस्कचे, म्हणजे रिकामी असेल त्या जागी बसायचे, महिन्याला 6,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,080. तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या, त्या 1,080 चं क्रेडिट मिळतं. कॅफेच्या बिलावरच्या 5 टक्क्यांचं काही मिळत नाही, आणि कॅफेत एका बैठकीला माझे साडेचारशे-पाचशे जायचेच, वीस दिवस गेलात तर कोवर्किंगपेक्षा महाग.

आता महिन्याचा डेस्क न घेता दहा दिवसांचा पास घेतलाय. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार कोवर्किंग, मेट्रोने नळस्टॉपला उतरून चालत. सहाला घरी, कॉल घरून, आणि झोपताना फाइल अपलोडला लावायची, सकाळपर्यंत गेलेली असते. झोपायच्या आधी लॅपटॉपचं स्लीप सेटिंग बंद करायला विसरू नका, दोनदा माझं अपलोड त्यामुळेच अर्ध्यात थांबलं होतं.