पंचांगाचं पान लंडनला पाठवताना: माझा अनुभव

भाचीची मुलं लंडनमध्ये वाढलेली, मराठी वाचता येत नाही. म्हणून ऑगस्ट 2025 च्या पानाचा फोटो काढून सांगलीहून भाषांतर पाठवायचं ठरवलं. महिना, वार, सुट्ट्या सरळ उतरल्या. डोकं खाल्लं ते 12 आणि 13 तारखेच्या दोन चौकटींनी.

12 ला मंगळवार, अंगारकी संकष्टी चतुर्थी. पण तिथीच्या ओळीत तृतीया. 13 च्या चौकटीत चतुर्थी, आणि उपवास मात्र नाही. तसंच उतरवलं असतं तर मुलांना वाटलं असतं, छपाई चुकली.

खरं तर चौकटीत सूर्योदयाची तिथी छापतात. तृतीया 12 ला सकाळी 8.40 ला संपते, चतुर्थी 13 ला सकाळी 6.35 पर्यंत असते. सांगलीत सूर्य त्याआधीच, सव्वासहाच्या सुमारास उगवतो, म्हणून 13 चतुर्थीची. संकष्टीला मात्र चंद्रोदयाला चतुर्थी लागते. ती 12 च्या रात्री आहे.

लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असल्यामुळे तिथं चतुर्थी 12 ला पहाटे 4.10 ला लागते आणि 13 ला रात्री 2.05 ला संपते. तिथल्या सूर्योदयालाही 12 ला चतुर्थीच, त्यामुळे मुलांच्या पानावर तिथी आणि उपवास एकाच चौकटीत येतात.

चंद्रोदयाच्या वेळेतून मात्र साडेचार तास वजा करायचे नाहीत! आपल्याकडचा रात्री नवानंतरचा चंद्रोदय तसा मोजला तर तिथं साडेचारनंतर, लख्ख उन्हात येतो. ऑगस्टमध्ये लंडनचा सूर्यच साडेआठच्या सुमारास मावळतो. सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय त्या गावचेच बघून घालावेत. मी पानावरची वेळ तशीच ठेवून ‘ही भारतातली’ असं शेजारी लिहिलं.

नावं बदलली नाहीत. ‘चौथा दिवस’ लिहिलं तर मुलं तारीख समजतील. म्हणून नाव उच्चाराप्रमाणे लिहून खाली एवढंच दिलं: ‘संकष्टी चतुर्थी: पौर्णिमेनंतरची चौथी तिथी. गणपतीचा उपवास, चंद्र दिसल्यावर सोडायचा. मंगळवारी आली की अंगारकी.’ श्रावणापुढेही एक ओळ जोडली, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर भारतीयांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांच्याकडे याच दिवशी भाद्रपद लागलेला असतो. शेजारच्या घरी वेगळा महिना ऐकून मुलं गोंधळायला नकोत.

आणि हो, फोटो फ्लॅश न लावता, पान सपाट ठेवून दिवसा काढावा. गुळगुळीत कागदावर चमक आली की 8 आणि 6 ओळखू येत नाहीत, आणि इथं सगळं त्या आकड्यांवरच आहे. ‘उ. रात्र’ असेल तर ती मध्यरात्रीनंतरची वेळ, म्हणजे पुढची तारीख. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचारऐवजी साडेपाच तास धरावेत, त्यामुळे दिवाळीनंतरची पानं पुन्हा मोजावी लागतात.