दोन दोरे, एकच बंध

1996 साली अकरावीच्या चाचणी परीक्षेत एका प्रश्नाला मला 3 पैकी शून्य मिळालं. प्रश्न होता ईथीन आणि ईथाइनमधले सिग्मा व पाय बंध मोजण्याचा. मी ईथीनला 5 सिग्मा, 2 पाय लिहिले आणि ईथाइनला 3 सिग्मा, 4 पाय. दोन्हीकडचे सिग्मा बरोबर होते, तरी सरांनी अर्धा गुणही दिला नाही. हा राग मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बाळगला.

चूक झाली ती सरांच्याच मॉडेलमुळे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. भद्रकालीतून आणलेले हरभरे आणि पांढरे वाटाणे सर रात्री भिजत घालायचे. हरभरा म्हणजे कार्बन, वाटाणा म्हणजे हायड्रोजन, आणि खराट्याची काडी म्हणजे सिग्मा बंध. एका काडीवरचे दोन हरभरे एकमेकांभोवती सहज फिरायचे. मग सर लाल दोरा घ्यायचे. एक पदर काडीच्या वरून, एक खालून, दोन्ही हरभऱ्यांना बांधलेला. आता एक हरभरा पिळला की पदर ताणले जायचे. दुहेरी बंध फिरत नाही, हे बोटांना कळायचं.

मी ते दोन पदर मोजले. दोन पदर म्हणजे दोन पाय बंध! ईथाइनमध्ये वर, खाली, पुढे, मागे असे चार पदर, म्हणून चार.

सुट्टीनंतर वही घेऊन सरांकडे गेलो. पंचवटीतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर सरांनी खडूने दोन डमरू शेजारी शेजारी उभे काढले. हे दोन कार्बनचे p कक्षक. कडेकडेने जवळ आले की वरचे फुगे वर मिसळतात आणि खालचे खाली. पण दोघांत मिळून इलेक्ट्रॉन दोनच, आणि ते वरही वावरतात, खालीही. म्हणून बंध एकच. मग म्हणाले, "तुझं उत्तर खरं असेल तर इलेक्ट्रॉन कुणाकडून उसने आणलेस ते सांग."

हिशोब सरळ होता. ईथीन म्हणजे C2H4. कार्बनचे चार-चार आणि हायड्रोजनचा एकेक, असे बाहेरच्या कवचातले 12 इलेक्ट्रॉन, म्हणजे 6 जोड्या. माझ्या 5 आणि 2 बंधांना 7 जोड्या लागत होत्या. ईथाइनमध्ये, C2H2 मध्ये, 10 इलेक्ट्रॉन, म्हणजे 5 जोड्या, आणि मी लिहिले होते 7 बंध. शून्य का, ते तिथेच कळलं. राग मात्र ओट्यावरून उतरेपर्यंत टिकला.

सिग्मा मोजायची सरांची पद्धत मी आजही वापरतो. रेणूत कडं नसेल तर सिग्मा बंध अणूंपेक्षा एकाने कमी, कारण प्रत्येक शेजाऱ्याशी एकच सिग्मा असतो आणि सगळे अणू एका माळेत गुंफायला तेवढेच लागतात. ईथीनचे अणू 6, सिग्मा 5. ईथाइनचे अणू 4, सिग्मा 3. जोड्यांतून सिग्मा वजा केले की उरतात ते पाय, एक आणि दोन. CH2=CH–C≡CH घ्या. अणू 8, सिग्मा 7. इलेक्ट्रॉन 20, जोड्या 10, म्हणून पाय 3. दुहेरी बंधातला एक आणि तिहेरीतले दोन, ताळा जुळला. बेंझीनसारखं एक कडं असेल तर माळेची दोन्ही टोकं जोडायला एक सिग्मा जास्त लागतो. तिथे अणू 12 आणि सिग्माही 12.

आता मी अंबडच्या औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. एचपीएलसीसाठी अॅसिटोनायट्राइलच्या बाटल्या रोज उघडाव्या लागतात. गेल्या वर्षी एका नव्या मुलीला गंमत म्हणून त्याच अॅसिटोनायट्राइलचे, म्हणजे CH3CN चे, बंध मोजायला सांगितले. तिने अणू 6, सिग्मा 5, जोड्या 8, म्हणून पाय 3 असं फडाफडा सांगितलं. रेणूत तर तिहेरी बंध एकच, म्हणजे पाय दोनच हवेत. तिसरी जोडी नायट्रोजनची स्वतःची, कुणाशी न जोडलेली; ती आधी वजा करायची राहिली होती. ईथीन आणि ईथाइनमध्ये अशी जोडी नसते, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावर सराव केला की ही खोड लक्षातच येत नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात मी भिजवलेले हरभरे नेले. ती म्हणाली, "सर, उसळ करायची का?"