प्रोफॉर्म्यातला एकच चौकोन: ‘सरासरी मासिक उत्पन्न’

घरोघरी जाऊन फॉर्म भरले, आकडे एक्सेलमध्ये चढवले, तिथवर काही अडलं नाही. अडलं ते विभागाच्या प्रोफॉर्म्यावर. एमएच्या वर्णनात्मक असाइनमेंटचा हा नमुना किती वर्षं झेरॉक्स होत आलाय कोण जाणे. तक्ता 2 मध्ये ‘कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न’ आणि पुढे एकच चौकोन.

माझी वस्ती 15 घरांची. उत्पन्न हजार रुपयांत, चढत्या क्रमाने असं: 8, 9, 10, 11, 12, 12, 13, 14, 15, 16, 18, 22, 35, 60 आणि 240. बेरीज 495, भागिले 15, म्हणजे सरासरी 33 हजार. आता ओळीवर पुन्हा नजर टाका. 15 पैकी 12 घरं या सरासरीच्या खाली आहेत, आणि 33 हजारांच्या जवळपास म्हणावं असं घर एकच, 35वालं. मधलं, म्हणजे आठवं घर 14 हजारांचं. हा मध्यक.

एवढा फरक कुठून आला? 240 हजार हे खडी क्रशरच्या मालकाचं घर. 240 भागिले 15 केलं की 16 येतात, म्हणजे सरासरीच्या 33 हजारांतले 16 हजार एकट्या त्या घराचे. त्याचं उत्पन्न दुप्पट, 480 केलं तर सरासरी 49 हजारांवर जाते. वस्तीत मात्र दुसऱ्या कुणाच्या खिशात रुपयाही वाढलेला नसतो. मध्यक 14 वरच राहतो, कारण त्याला फक्त क्रम कळतो, शेवटचा माणूस किती पुढे आहे ते कळत नाही. उत्पन्नाला खाली शून्याचा अडसर असतो, वर कसलाच नसतो. म्हणून शेपूट उजवीकडेच लांबते आणि सरासरी तिकडे ओढली जाते.

हे सगळं सरांना दाखवलं. सर म्हणाले, “अगं, सरासरी विचारलीय तर सरासरी लिही. सरकार दरडोई उत्पन्न देतंच ना?”

देतं. पण दरडोई उत्पन्न म्हणजे देशाचं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या. तिथे घरागणिक आकडे मांडलेलेच नसतात, तर मधलं घर काढणार कुठून? जिथे घरांचं सर्वेक्षण होतं तिथली रीत वेगळी. अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोच्या अहवालात ठळक आकडा मध्यकाचाच असतो: 2022 साठी कुटुंबाचा वार्षिक मध्यक 74,580 डॉलर, तर सरासरी साधारण 1,06,400.

“मग तो क्रशरवाला आउटलायर म्हणून काढून टाक,” ही पुढची सूचना. काढला तर सरासरी 18 हजारांवर येते आणि तक्ता देखणा होतो, हे खरं. पण तो माणूस त्याच वस्तीत राहतो. फॉर्मवर वार्षिक उत्पन्न मासिक रकान्यात लिहिलं गेलंय का, हे मी परत जाऊन विचारून आले होते. आकडा महिन्याचाच होता. चूक असती तर दुरुस्त केली असती. खरं घर गाळायला मी तयार नव्हते.

पटलं ते शेवटी प्रमाण विचलनामुळे. ते प्रोफॉर्म्यातच मागितलं होतं आणि आलं साधारण 59 हजार. सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा केलं की उत्पन्न उणे 26 हजार! सरांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, “बरं, दोन्ही लिही. खाली टीप दे.” एवढ्यासाठी किती चकरा, ते सोडाच.

तर मी चौकोन उभा दुभागला. मध्यक 14,000 आधी, शेजारी चतुर्थकं 11,000 आणि 22,000, मग सरासरी 33,000. टीप अशी दिली: ‘वितरण उजवीकडे विषम आहे, 15 पैकी 12 कुटुंबे सरासरीच्या खाली आहेत, म्हणून नेहमीच्या कुटुंबाचे उत्पन्न मध्यकाने दर्शवले आहे.’ प्रमाण विचलन सरासरीशेजारीच ठेवायचं, मध्यकाच्या जोडीला चतुर्थकं.

सरासरी खोडू मात्र नका. वस्तीचं एकूण उत्पन्न काढायचं तर 33 गुणिले 15 हाच मार्ग. मध्यकाला घरांच्या संख्येने गुणून एकूण येत नाही. दोन वस्त्यांचे आकडे एकत्र करतानाही घरांच्या संख्येचा भार देऊन सरासऱ्या जोडता येतात, मध्यक जोडता येत नाहीत.

आणि हो, चतुर्थकांवरून वर्गात वाद झाला. एक्सेलमध्ये `QUARTILE.EXC` माझ्या आकड्यांना 11 आणि 22 देतं, `QUARTILE.INC` 11.5 आणि 20. दोन्ही बरोबर, मोजण्याची पद्धत वेगळी; कोणती वापरली ते तक्त्याखाली लिहा. फॉर्मवर उत्पन्नाचा शेवटचा गट ‘50 हजारांपेक्षा जास्त’ असा उघडा असेल तर सरासरी की मध्यक हा वादच मिटतो. वरची रक्कम गृहीत धरल्याशिवाय सरासरी निघतच नाही, मध्यक निघतो.