दोन बिजागऱ्यांसाठी एकोणीस दिवस

आमचं घर वन बीएचके, विजापूर रोडला. देवघर म्हणून हॉलच्या भिंतीवर एक कपाट टांगायचं ठरलं. तीस इंच रुंद, चौदा इंच खोल, दोन जाळीदार दारं. माप, प्लाय, लॅमिनेट सगळं आठवड्याभरात उरकलं आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी अडकले ते दिव्यापाशी, आणि दिव्यामुळे दाराच्या बिजागरीपाशी.

पहिले चार दिवस निरांजन आतच, देवांसमोर लावलं. वरचा कप्पा ज्योतीपासून जेमतेम दहा इंचांवर होता. पाचव्या दिवशी गोंद तापल्यासारखा वास आला. वर बघते तर लॅमिनेटवर चहाच्या कपाएवढा पिवळट डाग, आणि बोट लावलं तर मधे फुगवटा. मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढं काय होत नाही बघा, वात बारीक करा." मी वात बारीक केली आणि वीस मिनिटांनी ज्योतीच्या बरोबर वर, कप्प्याला तळहात टेकवला. सात आकड्यांपर्यंतही ठेववेना. जिथे हात टिकत नाही, तिथे लॅमिनेट आणि त्याच्या कडेची पट्टी रोज काय सोसणार? तुम्हीही हे करून बघा, फक्त पदर नीट खोचून.

मग कपाटाखाली काळ्या ग्रॅनाइटची फळी बसवून घेतली, दारांच्या पुढे आठ इंच येणारी. दिवा तिच्यावर ठेवला की वर थेट छत. मधोमध ठेवला तर देवाला फूल वाहताना हात ज्योतीवरून जातो, सासूबाईंचा तर पदरही. म्हणून जागा ठरली उजव्या कोपऱ्याची. आणि तिथेच घोडं अडलं. साधी बिजागरी साधारण १०५ अंशांपर्यंत उघडते, म्हणजे उघडलेलं दार सरळ पुढे येऊन उभं राहतं, नेमकं दिव्याच्या शेजारी. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत कलली की जाळीकडेच.

यावर उपाय १६५ अंशांची बिजागरी. दार पार बाजूला पसरतं आणि फळी मोकळी राहते. डावीकडे फ्रिज असल्याने त्या दाराला ती घालून उपयोग नव्हता, त्यामुळे लागणार होत्या फक्त दोन. दुकानदार म्हणाला, "दोनासाठी कोण मागवतंय ताई? बॉक्स घ्या." दुसरीकडे "सोमवारी येतील." तो सोमवार तीनदा आला. चौथ्यांदा पुडी हातात मिळाली ती उघडून बघितली तर तीच साधी, फक्त सॉफ्ट-क्लोजवाली. दुकानदाराच्या मते "मऊ मिटते म्हणजे भारीच की." उघडण्याचा कोन आणि मिटण्याचा मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी काउंटरवर दार उघडल्यासारखा हात फिरवून समजावलं, मागे रांगेतले लोक हसत होते. तेव्हा चिठ्ठीवर "१६५ अंश, दार कपाटाच्या कडेवर पूर्ण चढणारं" असं लिहून द्या, आणि पुडी हातात आली की तिथेच बिजागरी उघडून कोन बघा.

एकोणिसाव्या दिवशी खऱ्या बिजागऱ्या आल्या. त्या आतून चांगल्याच जाडजूड असतात. आमचा मधला कप्पा नेमका वरच्या बिजागरीच्या उंचीवर निघाला, तो दोन इंच खाली घ्यावा लागला. हे आधी कळलं असतं तर भोकं बुजवायची वेळ आली नसती. या बिजागऱ्यांना सॉफ्ट-क्लोज नव्हतं, म्हणून दार आपटू नये यासाठी आतल्या कडेला रबराची बटणं चिकटवली.

हो, लाइटचं राहिलंच. मिस्त्रींनी आणलेली पट्टी ६५०० केल्विनची होती. तिच्या निळसर उजेडात पितळी बाळकृष्ण जस्ताचा दिसायला लागला आणि दिव्याची ज्योत दिसेनाशी झाली. बदलून ३००० ची घेतली, पाकिटावर आकडा छापलेला असतो. ती अॅल्युमिनियमच्या खाचेत, दुधी झाकणासकट, पुढच्या कडेला आतल्या बाजूने बसवली, म्हणजे उजेड डोळ्यांवर न येता मूर्तींवर पडतो. तिचा अडॅप्टर कपाटाच्या माथ्यावर उघडा ठेवलाय. सोलापूरच्या मे महिन्यात तो आत कोंडला असता तर माझं मन शांत राहिलं नसतं.

आता निरांजन पितळी ताटलीत, उजव्या कोपऱ्यात असतं. सासूबाईंनी वात पूर्वेकडे करून घेतली, त्याला माझी हरकत नव्हती. नियम एकच ठेवलाय: दिवा शांत झाल्याशिवाय दारं मिटायची नाहीत. उजवं दार मिटताना अजूनही थोडं आपटतं.