ताईच्या अंत्यसंस्काराला जायचं होतं आणि पासपोर्ट इमिग्रेशनकडे होता

मंगळवारी रात्री भाच्याचा फोन आला. ताई गेली. पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं आणि भाचीही परदेशातून निघाली होती, म्हणून अंत्यसंस्कार शनिवारी सकाळी ठरले. "मावशी, तू पोचशील ना?" एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर आठवलं, पासपोर्ट माझ्याकडे नाही. मी परदेशात राहते, आणि इथं राहण्याचा परवाना वाढवून घेण्याच्या अर्जासोबत तो महिन्यापूर्वीच इमिग्रेशन कार्यालयात जमा केला होता.

त्याच रात्री मी पत्र लिहिलं. दोन पानं. ताईनं मला कसं वाढवलं, आमचं नातं कसं होतं, सगळं त्यात होतं. शेवटी एक ओळ: "कृपया माझा पासपोर्ट तातडीने परत करावा." पाठवायच्या आधी ऑफिसातल्या एका सहकारीला दाखवलं. तिनं पूर्वी इमिग्रेशन वकिलाकडे काम केलंय. ती वाचून म्हणाली, "अगं, ही शेवटची ओळ तुझा अर्जच मागे घेईल."

हे मला माहीतच नव्हतं. पासपोर्ट परत मागणं म्हणजे कुलूप उघडून वस्तू हातात देणं, असं मी धरून चालले होते. पण काही ठिकाणी प्रवासासाठी पासपोर्ट मागितला की अर्ज मागे घेतला असंच समजतात. ब्रिटनमध्ये देशातून केलेल्या मुदतवाढीच्या अर्जावर निर्णय होण्याआधी परदेशी प्रवासाला गेलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. ऑस्ट्रेलियात गोष्ट वेगळी: तिथे अर्ज चालू असताना मिळालेल्या ब्रिजिंग व्हिसा 'ए'वर बाहेर गेलं तर त्याच व्हिसावर परत येता येत नाही, निघण्याआधी 'बी' घ्यावा लागतो. मी राहते त्या देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नियम देशागणिक आणि अर्जागणिक बदलतात. प्रश्न मात्र दोनच राहतात: पासपोर्ट कधी मिळेल, आणि परत येता येईल का. माझ्या पहिल्या पत्रात दुसरा प्रश्न नव्हताच.

सहकारीनं पहिल्यांदा विचारलं, "तुझा जुना परवाना अजून चालू आहे का?" पाहिलं तर चाळीस दिवस उरले होते. ती म्हणाली, मग तुझ्या पायाखाली जमीन आहे. अर्ज मागे गेला तरी जुन्या परवान्यावर परत येऊन नव्यानं अर्ज करता येईल. तो संपला असता आणि मी केवळ 'अर्ज प्रलंबित आहे' या आधारावर राहत असते, तर बाहेर पाऊल टाकताच तो आधार संपण्याची भीती होती. तशा वेळी वकिलाशी बोलल्याशिवाय पत्र लिहायचंच नाही, असं तिचं स्पष्ट मत.

मग कागद. मृत्यू प्रमाणपत्र यायला वेळ लागणार होता. त्याऐवजी भाच्यानं डॉक्टरांनी दिलेल्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठवला. त्यावर ताईचं नाव आणि तारीख होती. अंत्यसंस्काराचा दिवस, वेळ, ठिकाण हे तिथल्या व्यवस्थापकाकडून लेटरहेडवर लिहून घेतलं. खरी अडचण नात्याची होती. लग्नानंतर ताईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली, त्यामुळे माझ्या पासपोर्टावरचं नाव आणि तिच्या दाखल्यावरचं नाव यांत काहीच सारखं नव्हतं. परक्या अधिकाऱ्याला या दोघी बहिणी आहेत हे कळणार कसं? आम्ही साखळी जोडली: दोघींचे जन्मदाखले, त्यावर तेच आईवडील, मग ताईचा विवाह दाखला, त्यावर जुनं आणि नवं दोन्ही नावं. इंग्रजीत नसलेल्या कागदांना अधिकृत भाषांतर जोडलं. यातच बुधवारचा अर्धा दिवस गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

तिकीट मात्र मी काढलं नाही. फक्त जागा राखून ठेवल्याचा कागद जोडला, कारण पासपोर्ट आला नसता तर तिकिटाचे पैसे बुडाले असते.

नवं पत्र एका पानाचं झालं. मराठीत सांगायचं तर असं:

"विषय: बहिणीच्या अंत्यसंस्कारासाठी पासपोर्ट तातडीने परत मिळण्याबाबत. प्रवास गुरुवार रात्री.
अर्ज क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक.
माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं मंगळवारी निधन झालं. अंत्यसंस्कार शनिवारी सकाळी आहेत. वेळेत पोचण्यासाठी मला गुरुवारी रात्री निघावं लागेल. नंतरच्या विमानाने गेल्यास अंत्यसंस्कार झालेले असतील. पुढच्या रविवारी मी परत येईन.
गुरुवारी दुपारपर्यंत पासपोर्ट मिळावा, ही विनंती. तो घ्यायला मी स्वतः कार्यालयात येऊ शकते.
मी अर्ज मागे घेत नाही. पासपोर्ट परत केल्यास अर्ज मागे घेतला असं धरलं जाणार असेल, तर पासपोर्ट देण्याआधी मला या क्रमांकावर कळवावं, म्हणजे मी निर्णय घेऊ शकेन. जुना परवाना अमुक तारखेपर्यंत वैध आहे.
सोबत: मृत्यूचा दाखला, अंत्यसंस्काराचं पत्र, नात्याचे तीन दाखले, विमानाचं आरक्षण."

'नंतरच्या विमानाने गेल्यास' हे वाक्य तिनं घालायला लावलं. 'तातडीने' सगळेच लिहितात. कुठली वेळ चुकली की काय हुकतं, हे सांगितलं तर अधिकाऱ्याला वरच्याकडे मांडायला काहीतरी मिळतं. ताईच्या आठवणींची दोन पानं मी तशीच माझ्याकडे ठेवली.

पत्र अर्जाच्या ऑनलाइन खात्यातून टाकलं, ईमेलनंही पाठवलं, आणि बुधवारी दुपारी छापील प्रत घेऊन खिडकीपाशी गेले. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की पासपोर्ट या इमारतीत नाही, दुसऱ्या शहरातल्या साठवणीच्या कार्यालयात आहे. हे आधी कळलं असतं तर तिथेच गेले असते. आता सुरुवातीलाच विचारा, कागद नेमका कुठल्या इमारतीत आहे.

रात्री एका नातेवाइकाचा सल्ला: "वकिलातीत जा, पासपोर्ट हरवला सांग, तातडीचा प्रवास दाखला मिळतो." दाखला मिळतो, पण पासपोर्ट हरवलेला नाही, तो सरकारच्या ताब्यात आहे. खोटं निवेदन होतं ते. शिवाय हरवल्याची नोंद झाली की पासपोर्ट रद्द होतो, आणि परतीच्या परवान्याचा शिक्का त्याच पुस्तिकेत. मी नाही गेले.

गुरुवारी सकाळी दहाला फोन आला. अधिकारी स्त्री होती, शांत. म्हणाली, पासपोर्ट आज देऊ शकतो, पण अर्ज मागे घेतल्याचं धरलं जाईल, फी परत मिळणार नाही. चालेल का? मी विचारलं, जुना परवाना त्याच्या तारखेपर्यंत राहील ना? ती म्हणाली हो. ते लेखी ईमेलवर मागितलं, वीस मिनिटांत आलं, आणि मग होकार दिला. दुपारी तीनला दुसऱ्या शहरात जाऊन पासपोर्ट घेतला. तिकीट तिथल्या पायरीवर बसून काढलं. महाग पडलं.

शनिवारी पहाटे पोचले. भाची माझ्या आधी तासभर आली होती.

परतताना सीमेवर शिक्का मारणाऱ्यानं विचारलं, अर्ज प्रलंबित दिसत नाही, का? मी तो ईमेल दाखवला. दुसऱ्या आठवड्यात नवा अर्ज भरला, फी पुन्हा भरली, आणि त्याला ते पत्र आणि तो ईमेल दोन्ही जोडले.