शनिवारी या, प्रदर्शन बघायला

आज दुपारभर मांडणी चालली. आठवी ‘ब’च्या पोरींनी केळीच्या बागेतल्या मातीचा ओलावा मोजायचं यंत्र केलंय: मातीत दोन खिळे, बॅटरी आणि मल्टिमीटर. ओल्या मातीतून वीज जास्त वाहते, आकडा चढतो. पण पोटॅश टाकलेल्या कुंडीत पाणी तेवढंच घालूनही आकडा जास्त आला! क्षारांमुळे वीज सहज वाहते, म्हणजे यंत्र फसतं. पोरींनी हे लपवलं नाही, तक्त्यावर लाल पेनानं लिहिलं. आपल्याला तर तेच जास्त आवडलं. सातवीचं सौरचुलीचं मॉडेलही झकास आहे, ऊन असलं तर.

पालकांनो, शनिवारी सकाळी 10 ते दुपारी 2, शाळेच्या सभागृहात. प्रवेश मोफत, पाल्याचं ओळखपत्र दाखवा. दीडनंतर आत सोडणार नाही. वायरींना हात लावू नका, लहानग्यांना बोटाशी धरा.