करडी ओळ

शेंगदाणे भाजत होते. तिसऱ्या गाण्यानंतर एकदम पाचवं लागलं. हात पुसून फोन बघितला, तर चौथ्याची ओळ करडी पडलेली. खिशात राहून शर्टाबरोबर धुतल्या गेलेल्या एसटीच्या तिकिटासारखी. नाव वाचता येतं, बाकी उपयोग शून्य.

दुबईला धाकटीला मेसेज टाकला. "अगं ताई, इकडे वाजतंय की!"

वाजणारच. ॲप गाण्याचं मालक नसतं. ध्वनिमुद्रण म्युझिक कंपनीचं, शब्द आणि चाल यांचे हक्क आणखी वेगळे. करार होतो तो अमुक देशांपुरता, अमुक मुदतीपुरता. मुदत संपली आणि पैशांवरून फिसकटलं, की त्या देशात गाणी उतरतात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफायचं नव्या करारावर जमलं नाही, तेव्हा कंपनीची गाणी अशीच उतरली होती. डाउनलोड करून ठेवलेलीही यातून सुटत नाहीत, कारण त्या फाइलचं कुलूप ॲपच्याच हातात.

आमच्या बाबांनी यावर हसूनच घेतलं असतं. ते बाजारातल्या कॅसेटवाल्याकडे वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायचे आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायचे. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. शेवटचं गाणं हमखास दुसऱ्या अंतऱ्यात तुटायचं. त्या दुकानदाराकडे कसला परवाना होता, हे विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. (नसणारच.) पण कपाटातली कॅसेट एका रात्रीत करडी पडली नाही कधी. फार तर रीळ अडकायचं, मग पेन्सिल घालून गुंडाळायचं.

मी हट्टाने तेच गाणं शोधलं, तर 'सदाबहार' छापाच्या एका संग्रहात सापडलं! लांबी सेकंदापर्यंत तीच, सुरुवातीची बासरीही तीच. म्हणजे माझ्या यादीत गाणं नव्हतंच, एका विशिष्ट अल्बममधल्या नोंदीचा नंबर होता. अल्बम उतरला की तो नंबर मुका होतो, आणि तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या अल्बममध्ये दुसऱ्या नंबराने गात राहतं. कधी ॲप स्वतःच जोडी लावून देतं, कधी नाही. लांबी जुळली नाही, तर मात्र बहुधा कुणीतरी नव्याने गायलेलं असतं. तिथे मी पुढे ऐकत नाही.

तर नवी नोंद यादीत घातली. दुसऱ्या अंतऱ्यापाशी कान अजूनही तुटण्याची वाट बघतो, ते सोडा.

करडी ओळ काही काढली नाही. असली गाणी यादीत न दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, तीही वापरत नाही. मागे एकदा अशीच एक ओळ कित्येक महिन्यांनी आपोआप उजळली होती. कुठेतरी कुणीतरी सही केली असणार. ओळ काढून टाकली असती, तर मला कळलंही नसतं.